पीक विमा योजनेचा दस्तऐवज : तारिहाळच्या मूग उत्पादकाने तो कसा वाचावा

तारिहाळ हे नाव घेतले की हुबळीकरांच्या डोळ्यांसमोर प्रथम औद्योगिक वसाहत येते. परंतु कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अद्यापि काळी जमीन आहे, आणि या पट्ट्यात खरिपात मूग, सोयाबीन, कापूस, मका व भुईमूग, तर रब्बीत हरभरा, जोंधळा व गहू ही पिके घेतली जातात. प्रस्तुत लेखात प्रधानमंत्री फसल बीमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांचा सारांश मुगाच्या एका पिकावर दिला आहे. मूग निवडण्याचे कारण असे की, तो जूनमध्ये पेरला जातो आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसात, शेंगा वाळण्याच्या अवस्थेस येतो. त्यामुळे या योजनेतील जवळजवळ प्रत्येक कलमाची परीक्षा मुगाच्या रानात होते.

सदर योजना 2016 च्या खरिपापासून लागू झाली. 2020 च्या खरिपापासून ती सर्व शेतकऱ्यांना ऐच्छिक आहे. कर्नाटकात तिची नोंदणी samrakshane.karnataka.gov.in या संकेतस्थळामार्फत होते. मूळ दस्तऐवज दोन थरांत आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना हा पहिला थर, आणि प्रत्येक हंगामाआधी राज्य शासन काढते ती अधिसूचना हा दुसरा. कोणते पीक कोणत्या पंचायतीत अधिसूचित आहे, विमा संरक्षित रक्कम किती, जोखीमस्तर किती, शेवटची तारीख कोणती, कंपनी कोणती, हे सर्व दुसऱ्या थरात असते आणि दर हंगामाला बदलू शकते. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून राहू नये. मुगासारख्या लवकर येणाऱ्या पिकाची मुदत इतर पिकांच्या आधीही संपू शकते.

येथे मराठी वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. आपल्याकडील अनेक घरांत महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे वाचली जातात, आणि बेळगाव-कोल्हापूरकडील नातेवाईकांकडून विम्याच्या गोष्टी कानावर येतात. महाराष्ट्राने 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला होता. 2025 च्या खरिपात तो बंद केला आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान इत्यादी जादा संरक्षणेही काढून टाकून केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. योजना एकच असली तरी राज्याला अशी निवड करण्याची मुभा 2020 पासून आहे. म्हणून "72 तासांत कळवण्याचा नियम आता राहिला नाही" असे तिकडचे कोणी सांगितले, तर ते त्याच्या राज्यापुरते खरे असेल. तारिहाळच्या शेतकऱ्याने कर्नाटकाचीच अधिसूचना पाहावी.

हप्ता

शेतकऱ्याने भरावयाचा हप्ता खरिपातील अन्नधान्ये, कडधान्ये व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि कापूस, मिरची, कांदा यांसारख्या नगदी व बागायती पिकांसाठी 5 टक्के आहे. कंपनीचा खरा दर याहून पुष्कळ जास्त असतो. समजा तो 20 टक्के आहे. तर शेतकरी 2 टक्के देतो आणि उरलेले 18 टक्के केंद्र व राज्य निम्मे निम्मे देतात. ही अनुदानाची गोष्ट आपल्याशी संबंधित नाही असे वाटेल, परंतु भरपाई उशिरा मिळण्याचे एक मोठे कारण तिच्यातच आहे. ते पुढे येईलच.

आता उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने 2 एकर, म्हणजे 0.81 हेक्टर, मूग पेरला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 30,000 रुपये धरू. त्याच्या क्षेत्राची संरक्षित रक्कम 24,300 रुपये झाली आणि हप्ता 486 रुपये. नोंदणीसाठी शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला आपल्याकडे 'फ्रूट्स आयडी' म्हणतात, जमिनीचा उतारा, आधार, बँक पासबुक आणि पेरलेल्या पिकाचे स्वयंघोषणापत्र लागते.

ज्याने पीककर्ज घेतले आहे त्याचा हप्ता बँक आपोआप कापून घेते. विमा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या 7 दिवस आधी तसे लिहून द्यावे लागते. पण खरी अडचण निराळी आहे. बँकेच्या कागदावर कर्ज घेताना सांगितलेले पीक असते आणि रानात ऐनवेळी दुसरेच पेरले जाते. पाऊस लांबला तर मुगाऐवजी मका घालणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे. अशा वेळी पीक बदलल्याचे बँकेला मुदत संपण्याच्या किमान 2 दिवस आधी कळवले नाही, तर विमा मुगाचा आणि रान मक्याचे, अशी स्थिती होते.

कर्नाटकात हा मुद्दा अधिकच कडक आहे, कारण शासन प्रत्येक हंगामात मोबाईलवर पीक सर्वेक्षण करते आणि विम्यातील पीक व सर्वेक्षणातील पीक ताडून पाहिले जाते. दोन्ही जुळली नाहीत तर प्रस्ताव नाकारला जाऊ शकतो, मग शेतात खरोखर मूग असला तरीही. सर्वेक्षकाने बांधावरून पाहून आंतरपीक तेवढे नोंदवले, किंवा शेजारच्या गट क्रमांकाचे छायाचित्र चढवले, की हे घडते. आपल्या सर्वेक्षण क्रमांकावर काय नोंद झाली आहे हे 'बेळे दर्शक' या ॲपवर पाहता येते आणि आक्षेपही नोंदवता येतो. पीक उभे असतानाच हे पाहून घ्यावे. मुगाचे रान सप्टेंबरमध्ये नांगरून हरभऱ्यासाठी तयार झाले की पुरावा मातीत जातो.

खंडाने किंवा वाट्याने करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. योजनेच्या शब्दांत तेही पात्र आहेत, परंतु उतारा मालकाच्या नावावर असतो. लेखी करार नसेल तर विमा मालकाच्या नावे निघतो आणि भरपाईही त्याच्याच खात्यात जाते. तारिहाळच्या परिसरात कारखान्यात नोकरी करून रान वाट्याने देणारे मालक असतील, तर हप्ता कोण भरतो आणि भरपाई कोण घेतो हे पेरणीपूर्वीच ठरवणे हिताचे.

भरपाईचे दोन दरवाजे

दस्तऐवजात जोखमींची लांबलचक यादी आहे. ती पाठ करण्यापेक्षा तिचे दोन भाग पाडावेत. काही नुकसानी गावाच्या सरासरीवर मोजल्या जातात, तेथे शेतकऱ्याने काही कळवावे लागत नाही. काही नुकसानी त्याच्या स्वतःच्या शेतावर मोजल्या जातात, तेथे त्याने कळवले नाही तर काहीच मिळत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंची गल्लत होण्यात आहे.

पहिला दरवाजा सरासरी उत्पादनाचा. दुष्काळ, पावसातील खंड, पूर, कीड, रोग, वादळ, गारपीट, वीज पडून लागलेली आग इत्यादी कारणांनी उभ्या पिकाचे उत्पादन घटले तर ते ग्रामपंचायत किंवा होबळी या विमा क्षेत्राच्या सरासरीने मोजले जाते. मुख्य पिकांसाठी बहुधा ग्रामपंचायत आणि कमी क्षेत्राच्या पिकांसाठी होबळी हे क्षेत्र असते. पंचायतीत पिकाचे किमान 4 कापणी प्रयोग घेतात. शेत यादृच्छिक पद्धतीने निवडले जाते, बहुतेक पिकांसाठी त्यात 5 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखून कापला जातो, मळून वजन केले जाते आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढले जाते.

हे उत्पादन 'उंबरठा उत्पादना'शी ताडतात. उंबरठा काढण्यासाठी मागील 7 वर्षांपैकी सर्वोत्तम 5 वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. जोखीमस्तर 70, 80 किंवा 90 टक्के असतो. समजा आपल्या पंचायतीत 7 वर्षांचे हेक्टरी उत्पादन 500, 320, 610, 150, 540, 480 आणि 570 किलो होते. 320 आणि 150 ही दोन वाईट वर्षे गळाली. उरलेल्या पाचांची सरासरी 540 किलो. जोखीमस्तर 80 टक्के असेल तर उंबरठा 432 किलो. यंदा कापणी प्रयोगांत 270 किलो आले, तर तूट 162 किलो, म्हणजे उंबरठ्याच्या साडेसदतीस टक्के. तेवढाच भाग संरक्षित रकमेचा मिळेल. आपल्या 2 एकरवाल्याला 24,300 रुपयांचे साडेसदतीस टक्के, म्हणजे सुमारे 9,112 रुपये. हेच प्रयोगांत 435 किलो आले असते तर पंचायतीतील कोणालाही एक पैसा मिळाला नसता, भले आपल्या शेतकऱ्याच्या रानात दाणाही आला नसो. उलट, ज्याचे पीक उत्तम आले त्यालाही सरासरी घसरल्यास भरपाई मिळते. यात अन्याय आहे असे पुष्कळांना वाटते आणि ते समजण्याजोगे आहे. पण प्रत्येक रान स्वतंत्रपणे मोजण्याचा खर्च या हप्त्यात बसत नाही.

मुगाच्या बाबतीत एक मर्यादा विशेष जाचक आहे. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस झड लागली की वाळलेल्या शेंगांत दाणे काळे पडतात, काहींना मोड फुटतात. बाजारात त्याला भाव मिळत नाही. परंतु कापणी प्रयोग दाण्याचे वजन मोजतो, रंग मोजत नाही. वजन घटले तेवढीच तूट धरली जाते. प्रत आणि भाव यांचा विमा या योजनेत नाही.

पेरणीच होऊ शकली नाही, अशी स्थितीही याच दरवाजात येते. पावसाअभावी किंवा अतिवृष्टीने विमा क्षेत्रातील 75 टक्क्यांहून अधिक क्षेत्र पेरणीविना राहिल्याचे शासनाने जाहीर केले, तर संरक्षित रकमेच्या 25 टक्के मिळून विमा तेथेच संपतो. तसेच हंगामाच्या मध्यावर उत्पादन नेहमीच्या निम्म्याहून कमी येणार असे संयुक्त पाहणीत दिसले, तर अपेक्षित भरपाईच्या 25 टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम मिळू शकते. मात्र काढणीस 15 दिवस उरले असता हे कलम लागू होत नाही. मुगाचे नुकसान नेमके त्याच 15 दिवसांत होते, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

दुसरा दरवाजा वैयक्तिक शेताचा. गारपीट, भूस्खलन, ढगफुटी, विजेमुळे लागलेली आग आणि शेतात पाणी साचणे या स्थानिक आपत्तींत उभ्या पिकाची पाहणी त्या शेतात येऊन केली जाते. भातासारख्या पाण्यात वाढणाऱ्या पिकाला पाणी साचण्याचे कलम लागू नव्हते. 2026 च्या खरिपापासून भाताला ते पुन्हा देण्याचे आणि रानटी जनावरांनी केलेल्या नुकसानीसही राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे संरक्षण देण्याचे केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. मुगाला पाणी साचण्याचे संरक्षण आधीपासून आहे. बेण्णीहळ्ळाला पूर आला की काळ्या रानात पाणी किती दिवस उभे राहते, हे 2019 च्या ऑगस्टमध्ये धारवाड जिल्ह्याने पाहिले आहे. मात्र शब्द 'पाणी साचणे' असा आहे. पाणी न साचता नुसत्या झडीने शेंगा कुजल्या तर पाहणी करणारा ते स्थानिक आपत्तीत धरीलच असे नाही. ते नुकसान पहिल्या दरवाजाने, सरासरीतून जेवढे येईल तेवढेच.

काढणीनंतरचे नुकसानही या दुसऱ्याच दरवाजात आहे. कापून किंवा उपटून शेतातच वाळण्यासाठी पसरलेल्या पिकाला कापणीपासून 14 दिवसांपर्यंत गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस आणि अवकाळी पाऊस यांपासून संरक्षण आहे. पीक गोळा करून त्याची बुचाड किंवा रास रचली, किंवा खळ्यावर नेले, की ते संरक्षण संपते. ढग पाहून शेतकरी घाईने मूग एका जागी ढीग करून ताडपत्री टाकतो. शेतीच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे, पण विम्याच्या दृष्टीने त्या क्षणी पीक योजनेबाहेर गेले. शिवाय ऑगस्टच्या पावसाला 'अवकाळी' म्हणावे काय, यावरही वाद उद्भवू शकतो. म्हणून मुगासाठी या कलमावर फार भिस्त ठेवू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

72 तास

दुसऱ्या दरवाजाची किल्ली म्हणजे 72 तासांत दिलेली सूचना. हे तास नुकसान घडल्यापासून मोजतात, आणि त्यांत रविवार व सण धरलेले असतात. आपल्या शेतकऱ्याच्या रानात 20 ऑगस्टच्या रात्री पाणी शिरले असे समजू. सूचना 23 ऑगस्टच्या रात्रीपर्यंत गेली पाहिजे. ती 'क्रॉप इन्शुरन्स' ॲपवरून, 14447 या दूरध्वनी क्रमांकावर, किंवा विमा कंपनी, बँक वा रैत संपर्क केंद्रात लेखी देता येते. दूरध्वनी लागत नाही ही सबब नंतर चालत नाही, म्हणून एक मार्ग अडला तर त्याच दिवशी दुसरा धरावा आणि लेखी अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. दूरध्वनीवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढील सर्व विचारणा त्यावरच होते.

सूचनेत सर्वेक्षण क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, आपत्तीचे कारण व तारीख द्यावी. कारण लिहिताना विशेष जपावे. "अतिवृष्टीने नुकसान" असे लिहिणे आणि "शेतात पाणी साचून उभ्या मुगाचे नुकसान" असे लिहिणे यांत फरक आहे. जे घडले तेच लिहावे, पण योजनेच्या शब्दांत लिहावे. सर्व कागद तयार नसतील तर अपुरा अर्जही मुदतीत स्वीकारला जातो आणि उरलेली माहिती नुकसान झाल्यापासून 7 दिवसांत पुरी करता येते. कागद जमवण्यात तीन दिवस घालवून सूचनाच चुकवणे, ही चूक फार जण करतात. बांधावर उभे राहून साचलेल्या पाण्याची छायाचित्रे घ्यावीत. पाहणी होईपर्यंत पाणी उतरलेले असते.

सूचना मिळाल्यावर कंपनीने 48 तासांत पाहणी करणारा नेमावा आणि पाहणी 10 दिवसांत पुरी करावी असा नियम आहे. पाहणीच्या वेळी शेतकऱ्याने हजर राहावे, आणि तक्त्यावर सही करण्यापूर्वी नुकसानीची टक्केवारी व क्षेत्र स्वतः वाचावे. तक्ता कोऱ्या रकान्यांसह पुढे आला तर सही करू नये.

समजा पाहणीत 60 टक्के नुकसान ठरले. येथे भरपाई संपूर्ण संरक्षित रकमेवर मिळत नाही. आपत्तीच्या दिवसापर्यंत पिकावर झालेल्या खर्चाच्या प्रमाणात ती मिळते. काढणी व मळणी अजून व्हायची होती म्हणून खर्च 80 टक्के झाला असे धरले, तर 24,300 चे 80 टक्के 19,440, आणि त्याचे 60 टक्के 11,664 रुपये होतात. हंगामाअखेर सरासरीच्या दरवाजाने 9,112 रुपयेच निघाले, तर आणखी काही मिळणार नाही. तेथे 14,000 निघाले असते तर फरकाचे 2,336 रुपये मिळाले असते. दोन्ही रकमा बेरजेने मिळत नाहीत, जी मोठी ती मिळते. शिवाय बाधित क्षेत्र विमा क्षेत्रातील त्या पिकाच्या 25 टक्क्यांहून जास्त असेल, तर प्रत्येक शेत न पाहता नमुना पाहणीवरून सर्वांचे नुकसान ठरवले जाते.

रक्कम केव्हा

कागदोपत्री वैयक्तिक नुकसानीची भरपाई पाहणीनंतर 15 दिवसांत देय आहे. सरासरी उत्पादनाच्या बाबतीत राज्याने काढणीपासून एक महिन्यात आकडे द्यावेत आणि कंपनीने त्यानंतर 3 आठवड्यांत रक्कम द्यावी असे आहे. मूग सप्टेंबरच्या मध्यास संपला तर या हिशेबाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रक्कम यावी. प्रत्यक्षात ती पुढील वर्षाच्या पेरणीपर्यंत लांबल्याची उदाहरणे विविध राज्यांत आहेत. कारणे प्रामुख्याने तीन. राज्याचा अनुदानाचा हिस्सा कंपनीला पोहोचलेला नसतो. कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर कंपनी हरकत घेते. किंवा सर्व मंजूर होऊनही शेतकऱ्याचे खाते आधारशी जोडलेले नसल्याने रक्कम परत जाते. पहिल्या दोहोंवर शेतकऱ्याचा इलाज नाही. तिसऱ्यासाठी मात्र बँकेत एक खेप पुरे होते, आणि ती नोंदणीच्या वेळीच घालावी.

ठरलेल्या मुदतीनंतर विलंब झाल्यास कंपनीवर वार्षिक 12 टक्के दराने व्याजाची तरतूद आहे. रक्कम आली नाही तर प्रथम संकेतस्थळावर अर्ज क्रमांक घालून तो कोठे अडला आहे हे पाहावे. 'पीक जुळत नाही' असे दिसले तर उतारा, सर्वेक्षणाची नोंद व छायाचित्रांसह तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्यावा; 'देयक परत' असे दिसले तर बँकेत जावे. कोणतेच उत्तर मिळाले नाही तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे नेता येते. तेथे नेताना हप्त्याची पावती, 72 तासांतील सूचनेचा क्रमांक आणि पाहणीच्या तक्त्याची प्रत, हे तीन कागद सोबत असावेत.